टाके कोरडे ठेवा म्हणजे नक्की काय करायचं? (सिझरनंतर घरी आल्यावर)

मृणाल_नाशिक | १२ एप्रिल, रात्री ९:४०

माझ्या धाकट्या बहिणीचं ८ तारखेला सिझर झालं. कळा सुरू होत्या, पण बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून घाईत करावं लागलं. बाळ छान आहे. आज दुपारी दोघांना घेऊन आम्ही घरी आलो.

दवाखान्यातून मिळालेल्या कार्डावर गोळ्यांची नावं आहेत आणि खाली हाताने तीन ओळी लिहिल्या आहेत: "टाके कोरडे ठेवा. वजन उचलू नये. त्रास झाल्यास दाखवा." सोडताना नर्सताई भराभर बरंच काही बोलल्या, पण आमचं निम्मं लक्ष बाळाच्या झबल्यात आणि रिक्षात होतं.

घरी आल्यापासून त्या तीन ओळींवरून वाद चाललाय. आई म्हणते, कोरडे ठेवायचे म्हणजे टाके निघेपर्यंत अंघोळ नाही, नुसतं अंग पुसायचं. बहिणीच्या सासूबाई म्हणतात, बाळंतिणीला रोज कढत पाण्याची अंघोळ, मालीश आणि धुरी हवीच. बहिणीला विचारलं तर ती म्हणते, मला फक्त पलंगावरून उठता आलं तरी पुरे. नाशकात दुपारी ३९ अंश आहे, ती घामाने चिंब होते, आणि टाके पोटाच्या घडीखाली आहेत, तिला स्वतःला दिसतही नाहीत.

तर तीन प्रश्न. कोरडे म्हणजे कसे? हालचाल किती? आणि "त्रास" म्हणजे नेमका कोणता त्रास? दुखतं तर सारखंच आहे.

कोकणची_काकू | १२ एप्रिल, रात्री १०:०५

अगो, आधी अभिनंदन! माझ्या दोन्ही लेकींची बाळंतपणं मी केली, धाकटीचं सिझरच होतं. दहा दिवस टाक्यांना पाण्याचा थेंब लागू दिला नाही. अकराव्या दिवशी टाके काढले नि मग अंघोळ. ओव्याची धुरी मात्र पाचव्या दिवसापासून दिली. पोट घट्ट बांधायचं, नाहीतर वारा धरतो. पाणी बेताने द्या, जास्त प्यायलं तर पोट सुटतं. चाळीस दिवस बाजेवरून फार उतरू देऊ नका, हीच काय ती विश्रांती बाईच्या जातीला मिळते.

सुमन_प्रसूतीकक्ष | १२ एप्रिल, रात्री ११:१५

मृणाल, मी २६ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या कक्षात. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्याच ओळीने होतो.

कोरडे ठेवा म्हणजे ओले राहू देऊ नका. पाणी लागूच देऊ नका, असा त्याचा अर्थ नाही. वरची पट्टी अजून असेल तर ती कधी काढायची ते उद्या सकाळी फोन करून विचार. काही पट्ट्यांवर पाणी चालतं, काहींवर नाही. पट्टी निघाली की रोज अंघोळ करायची. स्टुलावर बसून, तांब्याने खांद्यावरून साधं कोमट पाणी घ्यायचं आणि ते टाक्यांवरून वाहून जाऊ द्यायचं. टाक्यांवर साबण चोळायचा नाही, घासायचं नाही. मग धुतलेल्या सुती पंचाने टिपून घ्यायचं. पंचा तिचा एकटीचा हवा.

खरी मेख त्यानंतर आहे. आडवा छेद पोटाच्या घडीत बसतो. उभं राहून टिपलं की वरची घडी लगेच पुन्हा खाली येते आणि आत ओल तशीच राहते. म्हणून अंघोळीनंतर तिला उताणी झोपव, पोट हाताने अलगद वर उचलून धरायला सांग आणि दहा मिनिटं पंख्याचा वारा लागू दे. दिवसातून आणखी दोनदा तेच. अधल्यामधल्या वेळी घडीत स्वच्छ सुती कापडाची पातळ घडी ठेव, ती दमट झाली की बदल. पावडर, हळद, तेल, नारळाचं दूध, काहीही लावायचं नाही. घामाने भिजलेली घडी चार दिवस "कोरडी" म्हणून न धुता ठेवलेल्या बायकांचे टाके मी जास्त वेळा उसवलेले पाहिले. धुतलेल्यांचे कमी.

परकराची नाडी आणि चड्डीचं इलॅस्टिक छेदावर येऊ देऊ नका. कमरेच्या वर जाणारी मोठी सुती चड्डी आणि वर गाऊन.

आणि टाके रोज बघायचे. तिला दिसत नाहीत तर तू बघ. रोज एकाच वेळी, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढ. आजचा फोटो एकटा पाहून काही कळत नाही, कालच्याशी ताडून पाहिला की कळतं. कडेला लाली वाटली तर तिच्या हद्दीवर बॉलपेनने बारीक रेघ मार. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली असेल तर दवाखाना.

बाकीचं उद्या लिहिते, झोप आली.

आर्या_७ | १२ एप्रिल, रात्री ११:४०

ठोके कमी झाले म्हणून लगेच सिझर? हल्ली सगळीकडे हेच सांगतात. थोडी वाट पाहिली असती तर नॉर्मल झालं असतं असं नाही वाटत का तुम्हाला?

मृणाल_नाशिक | १३ एप्रिल, सकाळी ७:२०

आर्या, तो निर्णय झाला आणि बाळ हातात आहे. माझा प्रश्न आता पुढच्या दिवसांचा आहे. त्या विषयावर वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की वाचेन.

सुमनताई, फोटो काढला. नायलॉनचे टाके नाहीत, आतले विरघळणारे आहेत असं कळलं, म्हणजे काढायचे नाहीत. पट्टी आज काढायला सांगितलीय. आईला तुमचं पोस्ट वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पंख्याचा वारा?" आणि गप्प बसली.

लेस्टरहून_मुग्धा | १३ एप्रिल, दुपारी २:१०

मी इथे इंग्लंडमध्ये, माझं दोन वर्षांपूर्वी झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून शॉवर घ्यायला सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी घरी. माझी आई सोलापूरहून आली होती, तिला तर चक्करच यायची बाकी होती. पण जखम छान भरली.

घरी येताना माझ्या हातात दहा दिवसांची इंजेक्शनं दिली होती, रोज एक, मांडीत किंवा पोटाच्या कडेला स्वतःच टोचायची. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. घाईत झालेल्या सिझरनंतर इथे ती सर्रास देतात. तिकडे देतात का?

सुमन_प्रसूतीकक्ष | १३ एप्रिल, दुपारी ४:३०

मुग्धा, इथे सगळ्यांना देत नाहीत. वजन फार असेल, आधी गुठळी झाली असेल, रक्तदाब खूप वाढला असेल, बरेच दिवस झोपून असेल, अशांना डॉक्टर बघून देतात. म्हणूनच आपल्याकडे चालण्याला जास्त महत्त्व आहे. मृणालच्या दुसऱ्या प्रश्नाकडे त्यातूनच येते.

पलंगावरून सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे दुमडायचे, मग खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं. पाय पलंगाच्या काठावरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीत रोवून अंग वर ढकलायचं. पोटाने ओढायचं नाही, हाताने ढकलायचं. बसल्यावर मिनिटभर थांबायचं, चक्कर येत नाही ना बघायचं, मग उभं राहायचं. झोपताना हेच उलट क्रमाने. खोकला, शिंक, हसू आलं की उशी किंवा घडी केलेली चादर टाक्यांवर दाबून धरायची.

उभं राहिल्यावर बहुतेक जणी वाकून चालतात, टाके तुटतील या भीतीने. ते तुटत नाहीत. सरळ उभं राहायचं. जागेपणी दर दोन तासांनी घरातल्या घरात पाच मिनिटं चालायचं, रोज थोडं वाढवायचं. दुखणं वाढलं किंवा अंगावरून लाल जास्त जायला लागलं तर समजायचं की आज जास्त झालं. जिना चढायला हरकत नाही, कठडा धरून, दिवसातून एकदोनदा. वजनाचं माप एकच: बाळापेक्षा जड काही नाही, सहा आठवडे. पाण्याची भरलेली बादली नाही, कुकर नाही, मोठं मूल असेल तर तेही नाही. तिने खाली बसावं आणि मुलाने मांडीवर यावं.

गोळ्यांचं एक सांगते. दुखल्यावर घेऊ म्हणून थांबू नका, पहिले काही दिवस लिहून दिलेल्या वेळेलाच द्या. दुखत असेल तर ती चालणार नाही, खोल श्वास घेणार नाही, बाळाला नीट पाजणार नाही. अंगावर पाजताना चालतील अशाच गोळ्या दिलेल्या असतात.

कोकणची_काकू | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:००

सुमनताई, तुम्ही शिकलेल्या, तुमच्याशी मी काय वाद घालणार. पण आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या बाज, शेगडी, धुरी चालत आली. त्यात काहीच अर्थ नाही का?

सुमन_प्रसूतीकक्ष | १३ एप्रिल, रात्री ९:५०

काकू, अर्थ होता. बाईला घरकामातून सोडवायला दुसरा मार्गच नव्हता, आणि जी बाळंतपणं घरी व्हायची त्यात पोटावर छेद नसायचा. मालीश करा की. हात, पाठ, पाय, डोकं. फक्त पोट आणि टाक्यांच्या आसपासचा भाग सोडा, आणि तेल ओघळून घडीत जाऊ देऊ नका. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू बिनधास्त द्या.

पण दोन गोष्टींना माझा ठाम नकार आहे. पहिली, टाक्यांवर शेक. छेदाच्या वरची कातडी कित्येक महिने बधिर असते, कारण तिथल्या बारीक नसा कापल्या जातात. पिशवी किती गरम आहे ते बाईला कळत नाही. शेकाने फोड आलेल्या बाळंतिणी मी पाहिल्यात. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर त्याहून वाईट, त्या धुरात बाळही असतं. दुसरी, पाणी कमी देणं. दूध यायला पाणी लागतं, शौचाला कुंथावं लागू नये म्हणूनही लागतं. आणि रक्त घट्ट झालं, वर बाजेवर पडून राहिलं, की पायात गुठळी व्हायला आयतं निमित्त.

पोट बांधण्याबद्दल मी मधली आहे. रुंद पोटपट्टी सैलसर लावून चालताना आधार वाटतो, काहींचं दुखणंही कमी होतं. पण "पोट आत जावं" म्हणून लुगड्याने करकचून बांधलं की आत घाम साचतो. चालताना लावा, झोपताना काढा.

वाटसरू_सातारा | १३ एप्रिल, रात्री ११:३०

गुठळीचा विषय निघाला म्हणून लिहितो. इतके दिवस कुठे बोललो नव्हतो.

माझ्या पत्नीचं तीन वर्षांपूर्वी सिझर झालं, माहेरी गावी. कडक विश्रांती, बाजेवरून उतरायचं ते फक्त मोरीसाठी. अकराव्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली. सगळे म्हणाले, पायात वात आलाय. मालीशवाल्या बाईंनी दोन दिवस तीच पोटरी जोर लावून चोळली. मी शनिवारी गेलो तेव्हा दोन्ही पाय शेजारी ठेवून बघितले. डावा पाय उजव्यापेक्षा चांगलाच जाड दिसत होता, गरम होता आणि चकाकत होता. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीचे पाय सुजतातच. खरंय, पण दोन्ही सुजतात. एकच कसा सुजेल, एवढंच मला वाटलं, आणि गाडी काढली.

साताऱ्याला पायाची डॉप्लर सोनोग्राफी केली. मांडीपर्यंत गुठळी. डॉक्टरांनी आधी विचारलं, श्वास लागतो का, छातीत दुखतं का, खोकल्यातून रक्त आलं का. नशिबाने काही नव्हतं. ते म्हणाले, ही सुटून फुप्फुसात गेली असती तर वेळ मिळाला नसता, आणि यापुढे त्या पायाला कोणी हात लावायचा नाही. इंजेक्शनं सुरू केली, ती अंगावर पाजताना चालतात. रक्त पातळ करण्याचं औषध तीन महिने चाललं. ती आता बरी आहे, पण तो पाय संध्याकाळी अजूनही जड होतो.

आमच्या कार्डावरही "त्रास झाल्यास दाखवा" एवढंच होतं. पोटरी दुखणं हा सिझरचा त्रास असू शकतो, हे आमच्या घरात कोणाच्या मनातही आलं नाही. आम्ही सगळे टाक्यांकडे बघत होतो.

कोकणची_काकू | १४ एप्रिल, सकाळी ६:४५

वाटसरू, वाचून रात्रभर झोप लागली नाही. माझ्या थोरलीच्या वेळी आम्ही असंच चोळलं होतं. तिला काही झालं नाही, पण आता अंगावर काटा आला. सूनबाईच्या वेळी ही पोस्ट काढून वाचेन.

भूलतज्ज्ञ_पुणे | १४ एप्रिल, दुपारी १:१५

मी भूल देणारा डॉक्टर. "त्रास" या शब्दात डोकेदुखीही धरा, कारण तिचं घरी हमखास "झोप झाली नाही" असं निदान होतं.

सिझर बहुधा कण्यातून भूल देऊन होतं. सुईने केलेल्या बारीक छिद्रातून पाणी झिरपत राहिलं तर पहिल्या काही दिवसांत डोकं दुखतं. त्याची खूण अशी की बसलं किंवा उभं राहिलं की ठणका सुरू होतो आणि आडवं झालं की काही मिनिटांत उतरतो. मान आखडते. हे त्रासदायक असलं तरी यावर इलाज आहे. आम्हाला कळवा, अंगावर काढू नका.

याच्या उलट, आडवं होऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, असं काही असेल तर आधी रक्तदाब मोजा. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात रक्तदाब सगळ्यात वर जातो, म्हणजे नेमका घरी सोडल्यावर. गरोदरपणात ज्यांचा कधीच वाढला नव्हता त्यांनाही हे होऊ शकतं. १४०/९० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६०/११० असेल तर फोनही नको, सरळ निघा. झटके येऊ शकतात.

मृणाल_नाशिक | १४ एप्रिल, रात्री ८:३०

शेजारच्या काकांकडून रक्तदाबाचं यंत्र आणलं. ११८/७६. पोटऱ्या रोज टेपने मोजतेय, दोन्ही सारख्या आहेत. बहीण आज कुशीवरून उठली आणि म्हणाली, हे मला दवाखान्यातच का नाही दाखवलं!

कदम_वर्धा | १५ एप्रिल, सकाळी १०:००

इथे आशाताई घरी आल्या होत्या. सिझर असेल तर सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत पाच वेळा येतात. त्या मुख्यतः बाळाचं वजन-ताप बघतात, पण आईचे टाके दाखवले तर तेही बघतात. आमच्या वहिनीला सरकारी दवाखान्यात सात दिवस ठेवून घेतलं, पैसे लागले नाहीत, घरी सोडायला १०२ ची गाडी आली. चौथ्या दिवशी सोडायची घाई तुम्ही का केलीत?

मृणाल_नाशिक | १७ एप्रिल, सकाळी ८:१०

घाई आम्ही नाही केली, खाजगी दवाखान्याने चौथ्या दिवशी सोडलं. पण आज वेगळ्याच कामासाठी लिहितेय. सुमनताई, असाल तर लवकर बघा.

आज नववा दिवस. पहाटे बहिणीचा गाऊन ओला दिसला. टाक्यांच्या डाव्या टोकाशी बारीक फट आहे, तिच्यातून पाणी येतंय. आई म्हणते, हळद दाबून बसव.

सुमन_प्रसूतीकक्ष | १७ एप्रिल, सकाळी ८:२५

हळद नाही, आणि दाबून बाहेर काढायचंही नाही. लगेच सांग: रंग कोणता, वास येतो का, भोवती लाली किंवा कडकपणा आहे का, ताप किती? ताप पॅरासिटामॉल द्यायच्या आधी मोज. गोळी पोटात असताना मोजलेला ताप फसवतो.

मृणाल_नाशिक | १७ एप्रिल, सकाळी ८:४५

रंग पिवळसर-गुलाबी, पातळ. वास नाही. लाली अगदी कडेला, कालच्या फोटोइतकीच. हाताला मऊ लागतं. ताप ९९.१, गोळी रात्री दहाला घेतली होती. दुखणं कालच्यापेक्षा उलट कमी झालंय असं म्हणते.

सुमन_प्रसूतीकक्ष | १७ एप्रिल, सकाळी ८:५५

मग बहुतेक चरबीच्या थरात साचलेलं पाणी वाट काढून बाहेर आलंय. म्हणून दुखणं उतरलं. तरी खात्री डॉक्टरच करतील, आजच, दुपारच्या आत. तोवर स्वच्छ गॉज वर ठेव आणि चिकटपट्टीने हलकं बसव.

आता फरक समजून घे. पू असता, घाण वास असता, ताप १००.४ च्या पुढे किंवा थंडी वाजत असती, लाली तासातासाला पसरत असती, किंवा दिसतंय त्यामानाने दुखणं भयंकर असतं, तर मी दुपारपर्यंतही थांबू दिलं नसतं. खोकताना "काहीतरी फाटलं" असं वाटून एकदम खूप गुलाबी पाणी आलं तरी तेच, कारण मग आतला जाड थर उसवला असू शकतो. अंगावरून जाण्याचंही विचार. तासात एक पॅड पूर्ण भिजणं, लिंबाएवढ्या गाठी पडणं, किंवा उतरलेला लाल रंग पुन्हा भडक होऊन वाढणं, घाण वास येणं, यातलं काही असेल तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

मृणाल_नाशिक | १७ एप्रिल, रात्री ९:००

जाऊन आलो. तुम्ही म्हणालात तेच निघालं. डॉक्टरांनी फट थोडी मोठी केली, बरंच पाणी काढलं, आत बोटाने तपासून आतला थर शाबूत असल्याचं सांगितलं. पाणी तपासायला पाठवलं. पुन्हा टाका घातला नाही. म्हणाले, वरून शिवलं तर आत परत साचेल, तळापासून भरत यायला हवी. मिठाच्या पाण्यात भिजवलेली गॉजची पट्टी आत सैल भरली, वर कोरडी पट्टी. रोज जाऊन बदलायची. तीनेक आठवडे लागतील. अँटिबायोटिक सध्या दिलं नाही, तपासणी येऊ दे म्हणाले.

बहीण गाडीत खूप रडली. तिला वाटतंय घाम आल्याने तिचंच चुकलं.

पराग_ठाणे | १७ एप्रिल, रात्री १०:२०

अँटिबायोटिक दिलं नाही? माझ्या बायकोच्या टाक्यांतून पाणी आलं तेव्हा लगेच सात दिवसांचा कोर्स आणि लावायला मलमही दिलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा असं मी म्हणेन.

सुमन_प्रसूतीकक्ष | १७ एप्रिल, रात्री १०:५०

पराग, तुमच्या पत्नीला लाली किंवा पू असेल तर ते बरोबरच होतं. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर काही डॉक्टर थांबतात, काही सुरू करतात. मी दोन्ही पाहिलंय. मलमाबद्दल मी जरा हट्टी आहे, बंद टाक्यांवर मला ते लागत नाही असंच वाटतं. पण ज्यांच्या डॉक्टरांनी दिलंय त्यांनी बंद करू नये.

मृणाल, बहिणीला सांग, त्वचेखालच्या चरबीत पाणी साचणं घामाने होत नाही. घाईतल्या सिझरनंतर आणि पोटावर चरबी थोडी जास्त असेल तर ते होतं, सगळं नीट केलं तरी होतं. तिचं काही चुकलेलं नाही.

लेस्टरहून_मुग्धा | १८ एप्रिल, दुपारी ३:३०

बहिणीच्या रडण्याचं वाचलं. दोन आठवडे उलटूनही रोज रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, किंवा बाळाबद्दल भलतेसलते विचार येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. मला सांगायला पाच आठवडे लागले, इतके लागायला नको होते.

मृणाल_नाशिक | २० एप्रिल, रात्री १०:००

तपासणीत जंतू आढळले नाहीत. अँटिबायोटिक लागलं नाही. आज बारसं केलं, घरच्या घरी, बारा माणसं. बहीण खुर्चीत बसली, पाळण्याशी वाकायचं काम आत्याने केलं. सासूबाईंनी स्वतः तिला पाण्याचा तांब्या भरून दिला, दोनदा. कोकणच्या काकूंच्या पोस्ट मीच त्यांना दाखवल्या होत्या.

कोकणची_काकू | २० एप्रिल, रात्री १०:१५

नाव काय ठेवलंत ते सांगा आधी!

मृणाल_नाशिक | २० एप्रिल, रात्री १०:२०

ईरा. :)

अनघा_गोवा | २ मे, सकाळी ११:००

धागा उशिरा वाचला. कोणीच बोललं नाही म्हणून विचारते: खाली मांडी घालून बसणं आणि देशी संडास, हे कधीपासून? माझ्या डॉक्टरांनी सहा आठवडे नको सांगितलं, बहिणीच्या डॉक्टरांनी चौथ्या दिवशीच चालेल म्हटलं. आमच्या जुन्या घरात कमोड नाही.

सुमन_प्रसूतीकक्ष | २ मे, दुपारी १२:४०

यावर डॉक्टरांत एकमत नाही. उकिडवं बसल्याने टाके तुटतात असं मी पाहिलेलं नाही. अडतं ते उठताना, पोटावर जोर येतो तेव्हा. आमच्या रुग्णालयात सगळे देशीच होते, बायका तिसऱ्या दिवसापासून जायच्या. भिंतीला धरायला काही असावं, शौच मऊ असावं, आणि पहिल्या वेळी दाराबाहेर कोणीतरी उभं असावं. कमोडची खुर्ची भाड्याने मिळत असेल तर पहिले दोन आठवडे ती बरी.

मृणाल_नाशिक | २ मे, रात्री ९:१५

आमच्याकडे आजपासून गॉज आत जात नाही, खड्डा भरून वर आलाय, फक्त वरची पट्टी राहिली. फोटो अजून रोज काढतेय. १७ तारखेचा आणि आजचा शेजारी ठेवून बहिणीला दाखवला. खाली बसायचं तिनेही विचारलंय, अनघाताई. बुधवारी डॉक्टरांना विचारून इथे लिहिते.